‘डिलिव्हर्ड’चा स्क्रीनशॉट विक्रेत्याला टाकलात, पण मेलमध्ये काय लिहिलंत?

पॅकिंगच्या मशिनवरच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न मशिनचा नव्हताच. प्रश्न असा: "सर, मशिन ऑनलाइन मागवलं, पैसे आधी भरले. मोबाईलवर डिलिव्हर्ड दाखवतंय आणि घरी काहीच आलं नाही. विक्रेत्याला स्क्रीनशॉट टाकला तर तो म्हणतो, तुम्हीच बघा ना, डिलिव्हर झालंय. आता काय करू?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसता तो स्क्रीनशॉट पाठवणं म्हणजे समोरच्याच्या हातात त्याचाच पुरावा नेऊन देणं. त्या चित्रावर काय लिहिलंय? माल पोचला. तुमचं म्हणणं काय? माल पोचला नाही. म्हणजे तुम्ही जोडलेला कागद तुमच्याच विरुद्ध बोलतोय. त्याखाली "हे काय आहे?? ताबडतोब पैसे परत करा" एवढं लिहिलं की विक्रेत्याला उत्तर द्यायला दोन सेकंद लागतात. तो तोच स्क्रीनशॉट तुम्हाला परत पाठवतो.

स्क्रीनशॉट बिनकामाचा आहे असं मी म्हणत नाहीये. त्याच्यापासून सुरुवात करायची असते, त्याच्यावर थांबायचं नसतं. डिलिव्हर्ड हा शब्द कोणी, कुठे, कशाच्या आधारावर टाकला, हे विचारायला तो स्क्रीनशॉट लागतो. मेलमध्ये हा प्रश्न असला पाहिजे, आणि बहुतेक मेलमध्ये नेमका तोच नसतो.

आता हा शब्द येतो कुठून ते बघू. विक्रेता त्याच्या दुकानात बसून "डिलिव्हर्ड" असं बटण दाबत नाही. पार्सल घेऊन फिरणाऱ्या मुलाकडे कुरिअरचं ॲप असतं. तो पार्सलवरचा बारकोड स्कॅन करतो आणि ‘दिलं’ अशी नोंद करतो. काही कंपन्या त्या वेळी ओटीपी मागतात, काही मोबाईलच्या काचेवर बोटाने सही घेतात, काही दारात ठेवलेल्या पार्सलचा फोटो काढतात. ही नोंद कुरिअरच्या संगणकात जाते, तिथून विक्रेत्याच्या वेबसाइटवर आपोआप येते आणि तिथून तुमच्या मोबाईलवर. म्हणजे विक्रेत्याला दिसतं तेच तुम्हाला दिसतं. त्याने स्वतः काही पाहिलेलं नसतं. तो "आमच्याकडे डिलिव्हर्ड दाखवतंय" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण त्याला खरं काय ते माहीतही नसतं.

नोंद करणारा मुलगा चुकतो तो बहुतेक वेळा ठरलेल्या कारणांनी. गावात रेंज नसते, मग तो सगळ्या नोंदी संध्याकाळी एकदम टाकतो. दिवसाअखेर पार्सल शिल्लक राहिली तर वरून बोलणी बसतात, म्हणून ‘उद्या सकाळी देतो’ असं मनात धरून आजच डिलिव्हर्ड करून टाकतो. कधी पार्सल एसटी स्टँडजवळच्या टपरीवर ठेवतो आणि सांगायचं विसरतो. कधी नाव सारखं असलेल्या दुसऱ्याला देतो. कधी पार्सल खरंच लंपास होतं. आणि कधी फसवणूक विक्रेत्याकडूनच होते: तो तुमच्या पिनकोडमधल्या भलत्याच पत्त्यावर एखादं रिकामं पाकीट पाठवतो, त्याचा ट्रॅकिंग नंबर तुम्हाला देतो आणि ते पोचलं की तुमच्या स्क्रीनवर डिलिव्हर्ड झळकतं. यातली कोणती गोष्ट घडली ते तुम्हाला घरी बसून कळणार नाही. म्हणूनच मेलमध्ये "तुम्ही चोर आहात" लिहायचं नाही. तुम्हाला ते माहीत नाही, आणि एकदा आरोप केला की समोरचा पुरावा शोधायचं सोडून स्वतःला वाचवायला लागतो.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. समजा तुम्ही वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावात राहता. हळदीची पावडर पाव किलोच्या पाऊचमध्ये भरून विकायची, असा विचार आहे. त्यासाठी एका छोट्या विक्रेत्याच्या वेबसाइटवरून 12 इंची हँड सीलर आणि पाऊचचा एक गठ्ठा मागवला. एकूण 2,150 रुपये, यूपीआयने आधीच भरले. 5 तारखेला ऑर्डर, 11 तारखेला संध्याकाळी मोबाईलवर डिलिव्हर्ड. घरी काही नाही. पुढच्या रविवारच्या बाजारात पहिले पन्नास पाऊच न्यायचे ठरलेत.

आधी गावाचंच बघा. वाशिम जिल्ह्यात आसेगाव एकच नाही. एक मंगरूळपीर तालुक्यात आहे, जिथे पोलीस ठाणं आहे. रिसोड तालुक्यात आसेगाव पेन आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात आसेगाव पूर्णा आहे. आपल्याला हे फरक पाठ असतात, पण दुसऱ्या राज्यात बसून लेबल छापणाऱ्या माणसाला ‘आसेगाव, वाशिम’ एवढंच दिसतं. रिसोडचा पिन 444506, मंगरूळपीरचा 444403, वाशिमचा 444505. पत्ता भरताना तालुका सोडून दिला आणि पिन जिल्ह्याच्या गावाचा टाकला, तर पार्सल भलत्याच शाखेच्या गाडीत चढू शकतं आणि तिथल्या आसेगावात कोणाच्या तरी हातात पडू शकतं. त्यामुळे तक्रार लिहिण्याआधी ऑर्डरच्या पावतीवर तुमचा पत्ता नेमका कसा छापलाय ते उघडून बघा. तालुका आहे का? पिन कुठला आहे?

दुसरी गोष्ट फोन नंबरची. आपल्याकडे ऑर्डर बरेचदा दुसऱ्याच्या मोबाईलवरून जाते. पुण्याला नोकरीला असलेल्या भाच्याने ॲपवरून मागवून दिलेलं असतं, किंवा गावातल्या मोबाईलच्या दुकानदाराने. मग डिलिव्हरीवाल्याचा फोन भाच्याला जातो. त्याला वाटतं मुलगा मामाच्या दारात उभा आहे, तो फोनवर ओटीपी सांगून मोकळा होतो. असं झालं असेल तर "मला ओटीपी आलाच नाही" हे तुमचं वाक्य खरं असूनही विक्रेत्याच्या नोंदीपुढे खोटं ठरेल. म्हणून ऑर्डरला जोडलेला नंबर ज्याचा आहे त्याला आधी विचारा.

तिसरी गोष्ट, आणि ही फार थोडे लोक करतात: विक्रेत्याच्या पानावर न थांबता कुरिअरच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा आणि ट्रॅकिंग नंबर टाका. विक्रेत्याच्या पानावर एकच शब्द असतो. कुरिअरच्या पानावर बहुतेक वेळा पूर्ण प्रवास असतो, कुठल्या शाखेत कधी आलं, कधी बाहेर पडलं. आपल्या उदाहरणात तिथे समजा असं दिसतं: 11 तारखेला सकाळी 9:40 ला वाशिम शाखेत पोचलं, संध्याकाळी 5:48 ला ‘आउट फॉर डिलिव्हरी’, आणि 6:03 ला डिलिव्हर्ड. मधे पंधरा मिनिटं. वाशिमहून आसेगावला पंधरा मिनिटांत कोणी पार्सल पोचवून दाखवावं! ही विसंगती तुमच्या मेलमधली सगळ्यात वजनदार ओळ आहे. पण तिची मर्यादाही लक्षात घ्या. मुलाने पार्सल सकाळीच नेलेलं असेल आणि दोन्ही नोंदी संध्याकाळी रेंज आल्यावर एकदम टाकल्या असतील, असंही होतं. तेव्हा ही ओळ "म्हणून तुम्ही खोटे" अशी लिहायची नाही, "याचा खुलासा करा" अशी लिहायची. पार्सल टपालाने आलं असेल तर टपाल खात्याच्या ट्रॅकिंगमध्ये कोणत्या कार्यालयातून दिलं ते दिसतं. तिथे तुमचं आसेगाव आहे की दुसरं, ते बघा आणि गावच्या शाखा डाकपालांना जाऊन विचारा. तिथला प्रश्न बरेचदा दहा मिनिटांत सुटतो.

स्क्रीनशॉट आता काढा, आणि नीट काढा. फक्त हिरवी टिकमार्क कापून काढू नका. ऑर्डर नंबर, ट्रॅकिंग नंबर, तारीख, वेळ आणि वर मोबाईलचं घड्याळ, सगळं एका चित्रात आलं पाहिजे. विक्रेत्याच्या पानाचा एक, कुरिअरच्या पानाचा एक. का, तर ही पानं बदलतात. तक्रार गेल्यावर कधी कधी डिलिव्हर्डचं ‘परत पाठवलं’ होतं किंवा जुन्या नोंदी दिसेनाशा होतात. मग तुम्ही काय पाहिलं होतं ते दाखवायला तुमच्याकडे हेच चित्र असतं. आणि मूळ फोनमधून ते डिलीट करू नका. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली कॉपी आणि मूळ फाइल यात फरक असतो.

(जाता जाता. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा देशातला एक मोठा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आलाय. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, जुलै 2020. वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर होता, आणि न्यायालयाने सांगितलं की अशा चित्रणाची कॉपी पुरावा म्हणून द्यायची तर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतं. ग्राहक आयोगात इतकं काटेकोर चालत नाही, पण मूळ फोन जपून ठेवा हा धडा तिथूनही मिळतो.)

मेल कधी पाठवायचा? त्याच संध्याकाळी. "उद्या येईल बहुतेक" म्हणून थांबू नका. पार्सल उद्या आलंच तर छानच, मेल गेल्याने काही बिघडत नाही. पण उशीर केला तर बिघडतं. कुरिअरकडे "ही डिलिव्हरी झालेली नाही" अशी हरकत विक्रेत्यालाच घ्यावी लागते आणि त्यासाठी त्यांच्या करारात मुदत असते, ती तासांत नाहीतर मोजक्या दिवसांत. तुम्ही आठ दिवसांनी कळवलं तर चांगल्या मनाच्या विक्रेत्याचेही हात बांधलेले असतात. शिवाय आठ दिवस गप्प बसलेला माणूस संशयास्पद दिसतो, हे तुम्हीही मान्य कराल.

आता मेल. भाषा मराठी, हिंदी, जी समोरच्याला कळेल ती. मी मराठीत देतो.

> विषय: ऑर्डर क्र. 4471, डिलिव्हर्ड दाखवते पण माल मिळालेला नाही, डिलिव्हरीचा पुरावा पाठवावा
>
> नमस्कार,
>
> मी 5 तारखेला आपल्या वेबसाइटवरून 12 इंची हँड सीलर आणि पाऊच मागवले. रक्कम 2,150 रुपये यूपीआयने भरली आहे. ऑर्डर क्रमांक, ट्रॅकिंग नंबर आणि व्यवहार क्रमांक खाली दिले आहेत.
>
> 11 तारखेला संध्याकाळी 6:03 वाजता स्टेटस डिलिव्हर्ड झालं. त्या वेळी मी आणि आई घरी होतो. पार्सल आलेलं नाही. ऑर्डरला दिलेल्या नंबरवर फोन किंवा ओटीपी आलेला नाही आणि आम्ही कुठेही सही केलेली नाही. शेजारी, जवळचं किराणा दुकान आणि एसटी स्टँडवर विचारलं, तिथेही पार्सल ठेवलेलं नाही.
>
> कुरिअरच्या पानावर पार्सल वाशिम शाखेतून 5:48 ला निघालं आणि 6:03 ला दिलं असं दिसतं. माझं गाव आसेगाव मंगरूळपीर तालुक्यात आहे. या वेळेचा खुलासा व्हावा. आसेगाव नावाची गावं दुसऱ्या तालुक्यांतही आहेत, तेव्हा पार्सल तिकडे गेलं का तेही तपासावं.
>
> कृपया कुरिअरकडून पुढील माहिती मागवून मला पाठवावी: पार्सल कोणी घेतलं त्याचं नाव, सही किंवा फोटो, ओटीपी वापरला असल्यास कोणत्या नंबरचा, नोंद झाली ते ठिकाण, आणि पार्सलच्या लेबलवरचा पत्ता व वजन.
>
> पार्सल माझ्या पत्त्यावर दिल्याचा पुरावा मिळाला नाही तर मला नवं मशिन आणि पाऊच पाठवावेत. 18 तारखेपर्यंत ते निघाले नाहीत तर पूर्ण रक्कम परत करावी.
>
> ही तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक कळवावा. कुरिअरच्या माणसाशी बोलायला मी तयार आहे.
>
> सोबत: दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती, ऑर्डरची पावती.

बघा, यात एकही उद्गारचिन्ह नाही. धमकी नाही. तरी हा मेल टाळता येत नाही, कारण "डिलिव्हर झालंय" हे याचं उत्तरच होत नाही. विचारलंय ते वेगळंच.

दोन ओळींबद्दल थोडं जास्त बोलतो. पहिली, लेबलवरचा पत्ता आणि वजन. बाकी सगळं जुळवून आणता येतं. सही म्हणजे काचेवर ओढलेली रेघ, फोटो कुठल्याही दाराचा असू शकतो. पण 12 इंची सीलर आणि पाऊचचा गठ्ठा यांचं वजन किलोत असतं. कुरिअरच्या नोंदीत शंभर ग्रॅम आलं तर ते पार्सल तुमचं नव्हतंच, आणि मग प्रश्न डिलिव्हरीवाल्या मुलाचा राहत नाही, विक्रेत्याचा होतो. लेबलवर पत्ता दुसऱ्याचा निघाला तरी तेच. प्रामाणिक विक्रेता ही माहिती आनंदाने काढून देतो, कारण त्यालाही चोर कोण ते कळतं. जो ही दोनच उत्तरं सोडून बाकी सगळं पाठवतो, त्याच्याबद्दल सावध व्हा.

दुसरी, मागणी एकच आणि क्रमाने. आधी माल, नाही झालं तर पैसे. बरेच जण लिहितात: पैसेही द्या, मशिनही द्या, मनस्तापाचे दहा हजारही द्या. वाचणाऱ्याला कळत नाही की नक्की काय केलं म्हणजे हे प्रकरण मिटेल, आणि ज्याचं मिटणारच नाही असं वाटतं त्याला तो उत्तर देत नाही.

ऑर्डर कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर मेल आणखी सोपा होतो. स्टेटस डिलिव्हर्ड आहे म्हणजे कोणीतरी पैसे मोजलेत. तुम्ही तर मोजले नाहीत. एकच विचारा: पैसे कोणी दिले? तुमचा खिसा सुरक्षित आहे, फक्त माल हवा असेल तरच पुढे लागा.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसा, कारण तुम्हाला तिथेच बसायचंय. सहा महिन्यांनी तुमची हळद नागपूरच्या कोणीतरी मागवेल आणि असाच मेल तुम्हाला येईल. खरं सांगतो, खोटी तक्रार करणारे गिऱ्हाईकही असतात. माल घेतात आणि मिळाला नाही म्हणतात. म्हणून नव्या विक्रेत्याची पहिली प्रतिक्रिया असते स्क्रीनशॉट फेकणं. मला हे मुळीच पटत नाही, आणि दया म्हणून नाही. तो स्क्रीनशॉट खऱ्याला आणि खोट्याला वेगळं करत नाही. डिलिव्हरीचा पुरावा करतो. तुम्ही कुरिअरकडून ओटीपीची नोंद, ठिकाण आणि नाव मागवून गिऱ्हाइकाला पाठवलंत, तर खोटा माणूस तिथेच थंड पडतो आणि खऱ्याला कळतं की त्याचा भाचा ओटीपी सांगून बसलाय. मेहनत तेवढीच, एक मेल.

कुरिअरशी करार करताना किंवा ॲग्रिगेटरवर खातं उघडताना हे तीन प्रश्न लिहून न्या: ओटीपीवाली डिलिव्हरी आहे का आणि तिचे जास्तीचे किती, हरकत घ्यायची मुदत किती, आणि पार्सल हरवलं तर भरपाई किती. तिसऱ्याचं उत्तर ऐकून बरेच जण गप्प होतात. बहुतेक अटींत भरपाईला वरची मर्यादा असते आणि विमा वेगळा घ्यावा लागतो. दोनशे रुपयांच्या हळदीला ते चालून जाईल. पाच हजारांच्या गिफ्ट हॅम्परला नाही.

"मी माल कुरिअरला दिला, माझं काम संपलं" असं म्हणणारे विक्रेते खूप भेटतात. हे वाक्य हवेतून आलेलं नाही, त्याला आधार आहे. 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 39 प्रमाणे, माल पाठवायचा ठरलेला असेल तर वाहतूकदाराच्या हाती दिला की तो खरेदीदाराला दिला असं सकृतदर्शनी धरतात. म्हणजे वेगळं काही ठरलेलं नसेल तर. याचा चटका तुम्हाला कुठे बसेल? ठोक बाजारातून ट्रान्सपोर्टने माल मागवता तेव्हा. बिल्टी तुमच्या नावाने फाटली आणि माल रस्त्यात गहाळ झाला, तर व्यापारी बिल्टी दाखवून मोकळा होऊ शकतो. त्यामुळे ऑर्डर देतानाच मेलमध्ये एक ओळ टाका: "माल आमच्या दुकानात पोचेपर्यंतची जोखीम आपली राहील." समोरच्याने "ओके" म्हटलं की वेगळं काही ठरलं. मात्र स्वतःच्या वेबसाइटवर ‘घरपोच’ लिहून घरगुती गिऱ्हाइकाकडून पैसे घेतलेत, तर ही पळवाट तुम्ही वापरू नये असं मला वाटतं. घरपोच म्हटलं म्हणजे घर आलं.

मेलला उत्तर आलं नाही तर? 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निकाली काढायची असते. ठरलेल्या वेळेनंतर आलेला माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला, आवाक्याबाहेरचं कारण नसेल तर, नकार देता येत नाही. हे नियम मोठ्या कंपन्यांपुरते आहेत असं समजू नका. नियमितपणे धंदा म्हणून ऑनलाइन विकत असाल तर ते तुम्हालाही लागतात. तर 48 तासांनी पोच आली नाही की त्याच मेलवर ‘रिप्लाय’ करून एक ओळ लिहा, नवा मेल उघडू नका, म्हणजे सगळा प्रवास एकाखाली एक राहतो. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. तिथे तक्रार नोंदवताना तुमचा हाच मेल जोडायचा. हेल्पलाइन निकाल देत नाही, मध्यस्थी करते, पण कंपनी त्यांच्याशी जोडलेली असेल तर बरेचदा तिथेच काम होतं. तरीही नाही झालं तर वाशिमचा जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कुठल्याही राज्यात असो, 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत करायची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

इथे उद्योजकांसाठी एक खाच आहे आणि ती तुम्हाला कोणी सांगत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ‘ग्राहक’ असतोच असं नाही. पुढे विकायला घेतलेला माल बाहेर. व्यापारी हेतूने घेतलेलं मशिन बाहेर. पण स्वतः चालवून, स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेलं मशिन आत. ही रेघ कुठे पडते ते महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरलं. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स नावाच्या लघुउद्योगाने पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडे वीस लाखांवर किमतीचं मशिन मागवलं. ते उशिरा आलं आणि सदोष निघालं, असं त्यांचं म्हणणं. राज्य आयोगाने त्यांना भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती काढून घेतली, आणि 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा हा वापर व्यापारी आहे, हा खरेदीदार ग्राहक नाही. त्याच निकालात हेही आलं की स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच असतो. म्हणजे वस्तू धंद्याची आहे का, एवढ्यावर ठरत नाही. ती कोण चालवतं, किती मोठ्या प्रमाणावर आणि कशासाठी, यावर ठरतं.

आपल्या उदाहरणातला सीलर तुम्ही घरी बसून स्वतः चालवणार, तेव्हा तुम्ही आतल्या बाजूला. पण पाऊच? त्यात माल भरून तुम्ही तो विकणार, समोरचा वकील यावर वाद घालू शकतो. म्हणून मशिन आणि कच्चा माल शक्यतो वेगळ्या ऑर्डरमध्ये मागवा, आणि मेलमध्ये "माझ्या कंपनीसाठी", "आमच्या फर्मसाठी" असले भारदस्त शब्द वापरू नका. खरं तेच लिहा: मी स्वतः पॅकिंग करतो, त्यावर घर चालतं. जीएसटी नंबर टाकून फर्मच्या नावाने बिल घेतलंत तर कराचा फायदा मिळेल, पण ‘हा व्यापारी व्यवहार आहे’ म्हणायला समोरच्याला एक कागदही मिळेल. काय महत्त्वाचं ते किंमत बघून ठरवा. 2,150 च्या सीलरला मी स्वतःच्या नावाने बिल घेईन. दोन लाखांच्या पल्व्हरायझरला आधी सीएंशी बोलेन आणि पैसे भरताना अर्धे आधी, अर्धे माल दारात आल्यावर, असं ठरवेन.

राहिली एक शक्यता, आणि खेड्यात ती बऱ्यापैकी घडते. तुमचा मेल गेला, आणि 13 तारखेला दुपारी तो मुलगा पार्सल घेऊन दारात उभा. "परवा चुकून टाकलं होतं साहेब, सही करा." सही करताना तारीख 13 च घाला, 11 नाही. खोका त्याच्यासमोर उघडता आला तर उघडा, नाहीतर उघडतानाचा व्हिडिओ करा, लेबल आणि सील दिसेल असा. मग त्याच मेलवर विक्रेत्याला कळवा: पार्सल 13 तारखेला दुपारी अमुक वाजता मिळालं, मशिन चालू आहे, पाऊच मोजले तर इतके भरले, नव्या मशिनची मागणी मागे घेतो. हा मेल पाठवायला लोक कंटाळतात. पण विक्रेत्याने तोवर कुरिअरकडे हरकत घेतलेली असते, कदाचित दुसरं मशिनही पॅक करून ठेवलेलं असतं, आणि तुमची ती ओळ आली नाही तर तो खर्च त्या छोट्या माणसाच्या अंगावर पडतो.